घाटात दम नाही, स्टँडवर सगळं ठीक: व्हेरिएबल इनटेकचा परत परत येणारा दोष

माझं गॅरेज कराडला. पाटणचे एक शिक्षक दर पंधरा दिवसांनी चिपळूणला मुलीकडे जातात आणि येताना कुंभार्ली घाट चढतात. गाडी 1.8 लिटरची पेट्रोल सेडान, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, नऊ वर्षांची, लाखावर किलोमीटर झालेली. तक्रार एका ओळीची होती: "मिस्त्री, घाटात गाडी उचलत नाही. तिसऱ्यात पाय खाली दाबला तरी नुसती गुरगुरते. पण एकदा का काटा साडेचारच्या वर गेला, की बघा, पळते!"

ही गाडी माझ्याकडे याच तक्रारीसाठी तीनदा आली. पहिल्या दोन वेळा मी चुकलो. ज्यांच्या गाडीत दोन लांबीचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा पोचवणारा पाइपांचा संच आहे आणि असंच लक्षण दिसतंय, त्यांचा सोलेनॉइडचा खर्च वाचावा म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्यांच्या वाक्यातला शेवटचा भाग बघा. वर पळते, मध्ये मेलेली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक असता तर उलटं झालं असतं, म्हणजे खाली ठीकठाक आणि वर श्वास कोंडलेला. फ्युएल पंप दमला असता तरी वरच्याच आरपीएमला कळलं असतं, कारण पेट्रोल तिथं सर्वांत जास्त लागतं. क्लच घसरत असता तर काटा वर गेला असता आणि गाडी मागे राहिली असती. इथे काटाच चढत नव्हता. 2500 ते 4000 हा एवढाच पट्टा आजारी, आणि तोही फक्त पाय पूर्ण दाबल्यावर. गावात, सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने काहीच जाणवत नाही. इतकं नेमकं लक्षण इनटेकच्या पाइपांच्या लांबीकडेच बोट दाखवतं. ते का, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

इनटेक व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टन खाली जातो आणि रनरमध्ये, म्हणजे त्या सिलिंडरच्या स्वतःच्या पाइपमध्ये, दाब पडतो. ही पडलेल्या दाबाची लाट आवाजाच्या वेगाने पाइपमधून मागे धावते. पाइप जिथे प्लेनमच्या, म्हणजे सगळ्या पाइपांच्या सामाईक डब्यात उघडतो तिथे ती आपटते आणि उलटी होऊन, वाढलेल्या दाबाची लाट बनून परत व्हॉल्व्हकडे येते. ती व्हॉल्व्ह मिटायच्या अगदी आधी पोचली, तर जाता जाता थोडी जास्त हवा आत कोंबून जाते. तेवढी हवा फुकटची, आणि जास्त हवा म्हणजे जास्त टॉर्क. भलत्या वेळी पोचली, तर त्याच क्षणी व्हॉल्व्हपाशी दाब कमी असतो आणि आत आलेली हवासुद्धा मागे सरकते.

गंमत अशी, की लाटेला इंजिनच्या वेगाशी काही देणंघेणं नाही. गरम हवेत आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत 50 सेंटिमीटर धरले, तर जाऊन-येऊन एक मीटर, म्हणजे जवळपास 2.9 मिलिसेकंद. 2000 आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक सुमारे 34 अंश फिरतो आणि 6000 ला 103 अंश. लाटेचा वेळ तोच राहतो, पण व्हॉल्व्हचं वेळापत्रक आरपीएमबरोबर पळत असतं. त्यामुळे एका लांबीचा पाइप एका पट्ट्यातच गाडी पकडतो, बाकी वेळा त्याची गाडी चुकते. आरपीएम अर्धा झाला तर तोच मेळ जमवायला पाइप दुप्पट लांब हवा. खालच्या वेगाला लांब, वरच्या वेगाला आखूड. लाटा एकापेक्षा जास्त फेऱ्याही मारतात आणि धावत्या हवेच्या वजनाचाही हात असतो, त्यामुळे खरा हिशोब इतका सरळ नसतो. पण दिशा हीच.

याचं माझं आवडतं उदाहरण 1960 च्या क्रायसलर 300एफ गाडीचं. त्या व्ही-8 वर तीस इंचांचे पाइप इंजिन ओलांडून पलीकडच्या बाजूला जायचे. ताकद 375 अश्वशक्ती, आणि टॉर्क सर्वांत जास्त 2800 आरपीएमला. जोरात पळवणाऱ्यांसाठी त्याच इंजिनाची दुसरी आवृत्ती होती, 400 अश्वशक्तीची. बाहेरून पाइप तेच दिसायचे, पण आतली भिंत अर्ध्यापर्यंत काढून टाकलेली होती, म्हणजे लाटेच्या दृष्टीने पाइप पंधरा इंचांचाच. टॉर्कचं शिखर सरकून 3600 वर गेलं. भिंत काढली की शिखर सरकतं. आजच्या मॅनिफोल्डमधला फ्लॅप म्हणजे तीच भिंत, फक्त चालत्या गाडीत काढता-घालता येणारी. पुढे 2001 मध्ये बीएमडब्ल्यूने एन62 या व्ही-8 ला लांबी सलग बदलणारं मॅनिफोल्ड दिलं. आपल्याकडच्या साध्या गाड्यांत मात्र दोनच लांब्या असतात, एक शंखासारखा वळसा घेणारा लांब रस्ता आणि एक मधूनच कापलेला आखूड.

आता या गाडीतली रचना. प्लेनमवरच्या निपलमधून व्हॅक्यूमचा पाइप निघतो. वाटेत चेक व्हॉल्व्ह, मग तांब्याएवढी काळी प्लास्टिकची टाकी, मग सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह, आणि शेवटी फ्लॅपच्या दांड्याला धरलेला डायफ्रॅमचा अ‍ॅक्च्युएटर. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, सोलेनॉइड चालू केला की टाकीतला व्हॅक्यूम डायफ्रॅमला मिळतो, दांडा ओढला जातो, फ्लॅप मिटतो आणि हवेला लांब रस्ता मिळतो. साडेचार हजारांच्या आसपास ईसीयू सोलेनॉइड सोडून देतो, स्प्रिंग फ्लॅप उघडते, आखूड रस्ता खुला होतो. म्हणजे व्हॅक्यूम गेला की ही गाडी आपोआप आखूड रस्त्यावर जाते. काही कंपन्या याच्या उलट करतात, व्हॅक्यूम गेला की लांब. काहींत व्हॅक्यूमच नसतो, छोटी मोटर असते. आपल्या गाडीत काय आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या, नाहीतर खालची सगळी लक्षणं उलटी वाचाल.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मी स्कॅनर लावला. एकही कोड नाही. हे ऐकून गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, "मग इलेक्ट्रिकल काही नाही ना?" तसं नसतं. ज्या गाड्यांत फ्लॅपच्या दांड्यावर पोझिशन सेन्सर असतो, त्यांत P2004 म्हणजे फ्लॅप उघडा अडकलाय, P2006 म्हणजे मिटलेला अडकलाय, असे कोड पडतात. या गाडीत सेन्सर नाहीच. ईसीयू फक्त सोलेनॉइडच्या वायरीत करंट जातोय की नाही एवढंच बघतो. फ्लॅप कुठे आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. तेव्हा इथे दिवा न लागणं ही काही साक्ष नव्हे.

मग स्टँडवर, म्हणजे गॅरेजात गाडी जागेवर उभी ठेवून तपासणी. इंजिन चालू केलं, रेझ केलं. फ्लॅपचा दांडा व्यवस्थित हलला, पण मला जरा सुस्त वाटला. सोलेनॉइड जुना होता, टिकटिक ऐकू येत होती तरी त्यावर संशय घेतला आणि बदलला. गाडी घाट झोकात चढून आली. मी खूश, सर खूश. अडीच महिन्यांनी फोन: "मिस्त्री, परत तेच."

दुसऱ्यांदा वाटलं, स्वस्तातला पार्ट होता, टिकला नाही. चांगल्या कंपनीचा घातला. परत गाडी बरी झाली आणि परत अडीच-तीन महिन्यांत आली.

तिसऱ्या वेळी मी डोकं चालवलं. दोन नवे सोलेनॉइड त्याच वेळात, त्याच तऱ्हेने जातात? मग सोलेनॉइड बदलताना आपण आणखी काय करतो, ते आठवून बघितलं. आमचा पोरगा पाइप काढला की सवयीने कॉम्प्रेसरची नळी लावून एक फुंक मारतो. दोन्ही वेळा त्याने टाकीकडून इंजिनच्या बाजूला हवा मारली होती, म्हणजे चेक व्हॉल्व्हमधून. गाडी सोलेनॉइडने बरी झालीच नव्हती, त्या फुंकरीने झाली होती.

चेक व्हॉल्व्हचं काम काय, ते इथे समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. पेट्रोल इंजिनमध्ये व्हॅक्यूम असतो तो थ्रॉटल मिटलेला असताना. पाय पूर्ण दाबला की प्लेनममध्ये जवळपास बाहेरच्या हवेएवढाच दाब होतो, व्हॅक्यूम शून्याच्या आसपास. आणि लांब रस्त्याची गरज नेमकी तेव्हाच असते, कमी आरपीएमला आणि पूर्ण थ्रॉटलला. म्हणून टाकी ठेवलेली असते, आधी साठवलेला व्हॅक्यूम वापरायला. तो साठा उलटा प्लेनममध्ये निसटू नये, हे चेक व्हॉल्व्ह बघतो. तो गळायला लागला तर हलक्या पायाने सगळं ठीक, कारण प्लेनममध्येच व्हॅक्यूम आहे. पाय दाबला की टाकी रिकामी, डायफ्रॅम ढिला, फ्लॅप उघडा, आणि 2800 ला हवा आखूड रस्त्याने.

स्टँडवर हे कधीच सापडत नाही. गाडी न्यूट्रलला असेल तर इंजिनावर भार नसतो. पाय दाबला तरी आरपीएम क्षणात वर जातो, थ्रॉटल लगेच सोडावा लागतो आणि व्हॅक्यूम परत येतो. दांडा हललेला दिसतो आणि मिस्त्री फसतो. मला दांडा सुस्त वाटला होता, तोच खरा इशारा होता. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला.

हे घाटात सिद्ध करायला काहीच महाग लागत नाही. अ‍ॅक्च्युएटरच्या पाइपात एक टी जोडला, त्याला सात-आठ फूट नळी लावून दाराच्या फटीतून आत आणली आणि टोकाला व्हॅक्यूम गेज बसवलं. नळी बॉनेटखाली दबणार नाही आणि एक्झॉस्टला लागणार नाही एवढं बघायचं. सर चालवायला, मी शेजारी गेज हातात धरून. आयडलला 18 इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम. पोफळीच्या पुढे चढ लागला, तिसरा गिअर, 2600 आरपीएम, सरांनी पाय पूर्ण दाबला. काटा 18 वरून दोन सेकंदांत 3 वर. पाय जरा सोडला की परत 15. चेक व्हॉल्व्ह चांगला असता तर काटा 16-17 ला चिकटून राहिला असता. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे मी दाबतो तेव्हाच ती सोडते?" मी म्हटलं, "बरोबर, सर. एका वाक्यात तुम्हीच सांगितलंत."

तरीही फ्लॅप आणि डायफ्रॅम चांगले आहेत याची खात्री हवी होती. म्हणून गाडी बाजूला घेऊन अ‍ॅक्च्युएटरचा पाइप सोलेनॉइडपासून काढला आणि थेट हातपंप लावून 20 इंच ओढून नळी चिमट्याने बंद केली. आता फ्लॅप कायम मिटलेला, ईसीयू काहीही म्हणो. तोच चढ, तोच गिअर. गाडीने खेचलं. सोबत मोबाइलवर ओबीडी अ‍ॅपची नोंद चालू होती, त्यातून दोन्ही वेळची हवा मोजली. त्यासाठी लागणारा हिशोब एवढाच:

```
VE (%) = MAF / (V/2 × RPM/60 × ρ) × 100
```

VE म्हणजे सिलिंडरची जागा हवेने किती टक्के भरली, V म्हणजे इंजिनचं आकारमान लिटरमध्ये, MAF म्हणजे सेकंदाला किती ग्रॅम हवा, ρ म्हणजे एक लिटर हवेचं वजन ग्रॅममध्ये. अ‍ॅपवर बाहेरचा दाब 95 kPa आणि इनटेकची हवा 35 अंश दिसत होती, तेव्हा ρ जवळपास 1.07. 1.8 लिटरचं इंजिन 3000 आरपीएमला सेकंदाला 45 लिटर जागा मोकळी करतं. ती पूर्ण भरली तर 48 ग्रॅम हवा. दोष असताना पूर्ण थ्रॉटलला नोंद 38.5 ग्रॅमची होती, म्हणजे 80 टक्के. फ्लॅप मिटवून धरल्यावर 43 ग्रॅम, 89 टक्के. टॉर्क साधारण हवेच्या प्रमाणात असतो, म्हणजे घाटात दहा टक्क्यांहून थोडा जास्तच टॉर्क गायब होता. आकडा कागदावर छोटा वाटतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला तो दुसरा गिअर टाकावा लागणं आणि न लागणं यांतला फरक असतो. फ्लॅप तसाच मिटवून 5000 च्या वर नेलं तेव्हा मात्र हवा सैल पडली. तिथे लांब रस्ता अडवत होता, आणि तसंच व्हायला हवं.

एक सूचना: दोन नोंदींची तुलना करताना आरपीएम, गिअर आणि इनटेकचं तापमान सारखं असू द्या. पहिली फेरी थंड इंजिनावर आणि दुसरी घाट चढून तापल्यावर घेतली, तर हवेच्या तापमानानेच तीन-चार टक्के इकडचे तिकडे होतात आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो.

गॅरेजला आल्यावर चेक व्हॉल्व्ह काढला. तोंडाने फुंकायचं: टाकीच्या बाजूने इंजिनकडे हवा जायला हवी, उलट बाजूने अजिबात नाही. उलट बाजूने हवा मजेत जात होती. आतली रबरी चकती तेलकट, काळ्या चिकट थराने अर्धवट उघडी चिकटलेली. पेट्रोलने धुतली की बरी झाली, म्हणजे पोराच्या फुंकरीनेही तेवढ्यापुरती मोकळी होत होती. थंड असताना बरी, गरम झाल्यावर परत गळती. तेल येणं थांबेपर्यंत नवा चेक व्हॉल्व्हही अडीच महिन्यांतच जाणार, हे उघड होतं.

तेल आलं कुठून? प्लेनमवर ज्या निपलमधून हा व्हॅक्यूम घेतलाय, त्याच्या वीतभर अलीकडे क्रँककेसच्या वाफांचा, म्हणजे पीसीव्हीचा पाइप येऊन मिळतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला तर खडखड वाजला पाहिजे. हा मुका होता. उघड्या स्थितीत अडकलेला. तेलाची वाफ गरजेपेक्षा जास्त आत ओढली जात होती, आणि त्यातली थोडी व्हॅक्यूमच्या नळीत. वर ती नळी टाकीकडे जाताना खाली झोळीसारखी लोंबत होती आणि चेक व्हॉल्व्ह नेमका त्या झोळीच्या तळाशी. सगळं तेल तिथे येऊन बसायचं.

काम असं केलं: नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, नवा चेक व्हॉल्व्ह, प्लेनमपासून टाकीपर्यंतची रबरी नळी नवी आणि तिला मध्ये क्लिप, म्हणजे चेक व्हॉल्व्ह वर राहतो आणि नळी इंजिनकडे उतरती. जुना सोलेनॉइड, जो मी पहिल्या वेळी काढून ठेवला होता, तोच परत बसवला. तो आजही चालतोय, आणि सरांचे दोन सोलेनॉइडचे पैसे मी हिशोबात वळते केले. चेक व्हॉल्व्ह बसवताना बाण नीट बघा. उलटा बसला तर टाकीत व्हॅक्यूम कधी भरतच नाही आणि मधला पट्टा कायमचा जातो. बसवल्यावर आयडलला गाडी दोन मिनिटं चालवून बंद करा आणि टाकीच्या बाजूला लावलेलं गेज बघत राहा. आमच्याकडे पाच मिनिटांत काटा 18 वरून 17 वर आला, तेवढं चालतं. जुन्या व्हॉल्व्हने चार सेकंदांत शून्य दाखवलं होतं.

तुमच्या गाडीत काटा टिकून राहतो आणि तरीही मध्ये दम नाही, तर मग फ्लॅपकडे वळा. हातपंपाने 20 इंच ओढून एक मिनिट बघा. काटा उतरला तर डायफ्रॅम फाटलाय. उतरला नाही आणि दांडाही पूर्ण फिरला, तरी दांड्याच्या आतल्या टोकाला फ्लॅप घट्ट आहे का, हे मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय कळत नाही. प्लास्टिकचा दांडा आणि धातूची पिन, यांची सांगड झिजली की बाहेरून सगळं फिरतं आणि आत फ्लॅप फडफडतो. आयडलला मॅनिफोल्डवर हात ठेवला तर बारीक टकटक लागते. असं वाटलं तर गाडी चालवत राहू नका, सुटलेली पिन सरळ सिलिंडरमध्ये जाते.

आणखी एक घोळ वारंवार बघतो. डिझेल गाड्यांतल्या स्वर्ल फ्लॅपना लोक हाच फ्लॅप समजतात आणि तो काढून टाकायचा सल्ला ऐकून पेट्रोल गाडीतला लांबीचा फ्लॅपही उखडतात. स्वर्ल फ्लॅप हवेला घुमवतो, लांबीशी त्याचा संबंध नाही. लांबीचा फ्लॅप काढला तर गाडी आयुष्यभर आखूड पाइपवर चालणार, म्हणजे सरांची पहिली तक्रार कायमची विकत घेणार.

सरांच्या गाडीला आता आठ महिने झाले. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला आली तेव्हा गेज परत लावलं. पोफळीच्या पुढे त्याच वळणावर, पूर्ण पाय दाबून, काटा 16.5 वर उभा होता. चेक व्हॉल्व्ह काढून बघितला, चकती कोरडी. नळीत तेलाचा हलका ओलावा आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला परत बघायचं, असं त्यांच्या कार्डावर लिहून ठेवलंय.